पाच डोस घेतलेल्या मुलांना डांग्या खोकला का झाला?

जून 2010 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने डांग्या खोकल्याची साथ जाहीर केली. वर्ष संपेपर्यंत रुग्णांचा आकडा नऊ हजारांच्या पुढे गेला. 1947 नंतर त्या राज्यात एका वर्षात एवढे रुग्ण सापडले नव्हते. दहा तान्ही बाळं दगावली आणि त्यांतली नऊ आजार सुरू झाला तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती. तिथे पहिला डोस दोन महिन्यांनी देतात, त्यामुळे या बाळांपर्यंत लस पोचलीच नव्हती. यातलं दुःख मोठं होतं, पण कारण कळण्यासारखं होतं.

कोडं होतं ते दुसऱ्या एका गटाचं. रुग्णांच्या वयांचा आलेख काढल्यावर तान्ह्या बाळांच्या उंचवट्यानंतर आणखी एक उंचवटा दिसला, साधारण आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा. ही मुलं लसीकरणातून सुटलेली नव्हती. दोन, चार आणि सहा महिन्यांना, मग दीड वर्षाच्या आसपास आणि शाळेत जाण्यापूर्वी एकदा, असे पाचही डोस त्यांतल्या बहुतेकांचे वेळेवर झाले होते. शेवटचा डोस होऊन जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती. लस चांगली, डोस पूर्ण आणि तरी शाळकरी मुलं खोकत होती. असं का झालं हे समजून घ्यायचं, तर हा जंतू शरीरात नेमका कुठे बसतो तिथून सुरुवात करावी लागते.

या जंतूचं नाव बोर्डेटेला पर्टुसिस. 1906 मध्ये ब्रुसेल्समध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू या दोघांनी बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त घातलेल्या खास माध्यमावर तो पहिल्यांदा वाढवला. हा जंतू फार नाजूक आहे. प्रयोगशाळेत वाढायला त्याला तीन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो. नमुना घेण्याच्या काडीला साधा कापूस असेल तर त्यातल्या स्निग्ध आम्लांनीसुद्धा तो मरतो. माणसाबाहेर त्याचं घर नाही. गाय, डास, पाणी, माती यांतल्या कशातूनही तो येत नाही. तो येतो फक्त दुसऱ्या माणसाच्या खोकल्यातून आणि मग घसा, श्वासनळी आणि तिच्या फांद्या यांच्या आतल्या अस्तरावर मुक्काम ठोकतो.

या अस्तरातल्या पेशींवर अतिसूक्ष्म केसांची दाट लव असते. हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू, कफ घशाकडे वर ढकलत राहतात. फुप्फुसांची ही रोजची झाडलोट आहे. बाकीचे जंतू या प्रवाहात वाहून जातात. बोर्डेटेला मात्र थेट त्या हलत्या केसांनाच धरतो. त्यासाठी त्याच्या अंगावर चिकटणारी काही खास प्रथिनं असतात. सर्वांत महत्त्वाचं प्रथिन धाग्यासारखं लांबट असतं, त्याला एफएचए म्हणतात. त्याच्या जोडीला जंतूच्या पृष्ठभागावरून निघालेले बारीक तंतू असतात, त्यांना फिम्ब्रिए म्हणतात. तिसरं प्रथिन पर्टॅक्टिन. ही तीन नावं लक्षात ठेवावीत, कारण लसीच्या बाटलीत ती पुन्हा भेटणार आहेत.

चिकटून झालं की विषांचं काम सुरू होतं. पहिलं विष म्हणजे खरं तर जंतूच्या स्वतःच्या कवचाचा एक तुकडा. वाढताना प्रत्येक जंतूच्या कवचाचे असे तुकडे सुटतात. इतर बरेच जंतू ते आत ओढून पुन्हा वापरतात, हा मात्र बाहेर सोडून देतो. त्या तुकड्यामुळे केसाळ पेशी मरून गळून पडतात. आजूबाजूच्या साध्या पेशी शाबूत राहतात, पण झाडलोट करणाऱ्याच नेमक्या जातात. मग कफ वर सरकवायला खोकण्याशिवाय शरीराकडे दुसरा मार्ग उरत नाही.

दुसरं विष धावून आलेल्या पांढऱ्या पेशींसाठी आहे. ते त्यांच्या आत शिरतं आणि तिथल्याच एका प्रथिनाच्या मदतीने जागं होऊन पेशीच्या ऊर्जेचं रूपांतर एका संदेशरेणूत करत सुटतं. संदेशांचा असा पूर आला की ती पेशी जंतू गिळायचं विसरते. जंतूच्या शेजारी असूनही तिचा उपयोग होत नाही.

तिसरं विष या जंतूच्याच नावाचं, पर्टुसिस टॉक्सिन. ते फक्त हाच जंतू बनवतो. त्याचे सहा भाग असतात. पाच भाग पेशीला पकडतात आणि सहावा आत जाऊन पेशीच्या संदेशयंत्रणेचा ब्रेक निकामी करतो. त्याचा एक परिणाम साध्या रक्ततपासणीत दिसतो. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी एरवी रक्तातून लसिकाग्रंथींमध्ये ये-जा करत असतात. या विषाच्या प्रभावाखाली त्यांना रक्तातून बाहेर पडता येत नाही आणि त्या तिथेच साठत जातात. खोकणाऱ्या बाळाला ताप नाही, पण पांढऱ्या पेशी तीस-चाळीस हजार आणि त्यांत बहुतांश लिम्फोसाइट, असा रिपोर्ट आला की अनुभवी बालरोगतज्ज्ञ सावध होतात. काही तान्ह्या बाळांत हा आकडा लाखाच्या वर जातो. एवढ्या पेशी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दाटतात, तिथला दाब वाढतो आणि हृदय थकतं. डांग्या खोकल्याने दगावणाऱ्या कित्येक बाळांच्या मृत्यूमागे हेच असतं. त्यातून सोडवण्यासाठी बाळाचं रक्त बदलण्यापर्यंत वेळ येते.

आजाराची चाल संथ असते. लागण झाल्यावर आठवडा-दहा दिवस काहीच कळत नाही. मग एक-दोन आठवडे नाक गळणं आणि हलका खोकला, अगदी साध्या सर्दीसारखा. संसर्ग सर्वाधिक पसरतो तो याच काळात. त्यानंतर उबळी सुरू होतात. श्वास घ्यायला उसंत न देता खोकला येत राहतो, चेहरा लालबुंद, मग काळानिळा होतो आणि शेवटी हवा आत ओढताना लांब, कर्कश आवाज निघतो. पाठोपाठ उलटी होते. रात्री उबळी वाढतात आणि हे कित्येक आठवडे चालतं. मोठ्या माणसांत मात्र बहुधा तो आवाज नसतो, नुसती न हटणारी ढास असते. अगदी लहान बाळांत तर खोकलाही नसेल. बाळ दूध पिता पिता श्वास घ्यायचं थांबतं आणि निळं पडतं, एवढंच दिसतं. अशा बाळाला घरी ठेवून वाट पाहायची नसते, तडक रुग्णालयात न्यायचं असतं.

घरच्यांना एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. डॉक्टर अँझिथ्रोमायसिनचा पाच दिवसांचा कोर्स देतात, तो पूर्ण होतो, पण खोकला तसाच राहतो. औषधाने जंतू मरतात, त्यामुळे दुसऱ्यांना लागण होणं थांबतं. पण विषांनी केलेलं नुकसान तोवर झालेलं असतं आणि गळून पडलेलं अस्तर पुन्हा उगवायला वेळ लागतो. म्हणून औषध पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झालं तरच रुग्णाला स्वतःला त्याचा खरा फायदा होतो. निदानासाठी नाकाच्या पार मागून काडीने नमुना घेऊन पीसीआर करतात. तेही पहिल्या तीन-चार आठवड्यांत. दोन महिने खोकून झाल्यावर ही तपासणी निगेटिव्ह आली, तर त्यावरून डांग्या खोकला नव्हता असं म्हणता येत नाही.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. आपल्याकडे जिला 'ट्रिपल' म्हणतात त्या लसीत तीन आजारांचा बंदोबस्त असतो: घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. एकाच सुईतून जाऊनही तिघांचं संरक्षण सारखं टिकत नाही. धनुर्वात आणि घटसर्प यांत माणसाला मारतं ते प्रत्येकी एक विष, आणि ते शरीरात पसरत असताना रक्तातल्या प्रतिपिंडांना त्याला गाठता येतं. ही प्रतिपिंडं वर्षानुवर्षं पुरतात. बोर्डेटेला मात्र रक्तात सहसा उतरतच नाही. तो अस्तराच्या वरच्या बाजूला, केसांत बसून काम करतो. तिथवर रक्तातली प्रतिपिंडं थोडीच झिरपतात. पातळी भरपूर असेल तोवर तेवढ्यावर भागतं, पण पातळी घसरली की पहिला फटका त्या अस्तरावरच्या संरक्षणाला बसतो. शरीराची स्मृती शिल्लक असते हे खरं, पण ती जागी होऊन नवी प्रतिपिंडं तयार होईपर्यंत काही दिवस जातात आणि तेवढ्यात जंतूने बस्तान बसवलेलं असतं.

प्रत्यक्ष आजार होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती जन्मभर टिकत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ती चार ते वीस वर्षं टिकलेली दिसते. 'लहानपणी होऊन गेलाय, आता भीती नाही' हा समज म्हणून खोटा ठरतो. लसीचं संरक्षण त्याहून लवकर ओसरतं, पण किती लवकर, हे लस कोणत्या जातीची यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियाच्या कोड्याची किल्ली इथे आहे.

पहिली परिणामकारक लस 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी सिद्ध केली. दिवसाचं काम उरकून संध्याकाळी घरोघर जाऊन त्या खोकणाऱ्या मुलांचे नमुने गोळा करत. त्यांच्या लसीत अख्खा मारलेला जंतू होता, त्याच्या हजारो घटकांसकट. ही लस उत्तम काम करायची, पण तिच्यामुळे ताप यायचा, मांडी सुजायची, काही बाळं तासन्तास रडायची. 1970 च्या दशकात तिच्यामुळे मेंदूला इजा होते असा संशय पसरला. जपानमध्ये दोन बाळांच्या मृत्यूनंतर लसीकरण कोसळलं आणि 1979 मध्ये तिथे तेरा हजारांवर रुग्ण आणि 41 मृत्यू झाले. मेंदूच्या इजेचा तो संशय पुढे टिकला नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2006 मध्ये लसीला दोष दिलेल्या चौदा रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांतल्या अकरा जणांत जन्मतःच अपस्माराचा एक गंभीर प्रकार निर्माण करणारा बिघाड सापडला. पण तोवर जगाची पावलं वळली होती.

जपानच्या युजी सातो यांनी अख्खा जंतू वगळून फक्त त्याची काही शुद्ध केलेली प्रथिनं वापरणारी लस तयार केली. 1981 पासून जपानने ती स्वीकारली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये निर्विष केलेलं पर्टुसिस टॉक्सिन, एफएचए, पर्टॅक्टिन, कधी फिम्ब्रिए असे दोन ते पाच घटक असतात. 1997 पर्यंत अमेरिकेने बाळांसाठी पूर्णपणे तीच पसंत केली. आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत 'पेनलेस' म्हणून मिळते ती हीच. ताप कमी, सूज कमी, आईबापांना रात्रीची झोप.

2010 साली कॅलिफोर्नियात खोकणारी आठ-दहा वर्षांची मुलं ही केवळ या नव्या लसीवर वाढलेली पहिली पिढी होती.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून निकोला क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हिशोब मांडला. पाचव्या डोसनंतर दर वर्षी आजार होण्याची शक्यता सरासरी 42 टक्क्यांनी वाढत होती. हे ऐकायला फार वाटतं, म्हणून गणित करून पाहू. समजा पाचव्या डोसनंतर लगेच संरक्षण 95 टक्के आहे. म्हणजे लस न घेतलेल्या शंभर मुलांना जिथे आजार होईल, तिथे या मुलांपैकी पाचांना होईल. एका वर्षाने हे पाच सातावर जातात, दुसऱ्या वर्षी दहावर, तिसऱ्या वर्षी चौदावर, चौथ्या वर्षी वीसवर आणि पाचव्या वर्षी एकोणतीसवर. 95 टक्के संरक्षण पाच वर्षांत 71 टक्क्यांवर उतरलं. लस निकामी झाली नाही, पण एका वर्गात बसणाऱ्या तीस मुलांमध्ये जंतूला फिरायला पुरेशी वाट मोकळी झाली. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की तान्हेपणी चारही डोस जुन्या लसीचे घेतलेल्या किशोरांपेक्षा चारही नव्या लसीचे घेतलेल्यांना आजार होण्याची शक्यता पाचपटींहून अधिक होती.

फरक कशामुळे पडला याचं बरंचसं उत्तर 2014 च्या सुमारास अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेतल्या टॉड मर्केल यांच्या बबून माकडांवरच्या प्रयोगांतून मिळालं. बबूनला माणसासारखाच डांग्या खोकला होतो. ज्यांना आधी आजार होऊन गेला होता, त्यांच्या नाकाघशात जंतू पुन्हा बसलाच नाही. जुन्या लसीच्या माकडांत तो बसला, पण अठरा दिवसांत साफ झाला. लसच न घेतलेल्यांत त्याला तीस दिवस लागले. नव्या लसीची माकडं आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या श्वासमार्गात जंतू पस्तीस दिवस राहिला, आणि त्यांच्याच पिंजऱ्यात ठेवलेल्या लस न घेतलेल्या माकडांना त्यांच्याकडून लागणही झाली. म्हणजे नवी लस आजार अडवत होती, मुक्काम अडवत नव्हती. अख्ख्या जंतूची लस आणि खरा आजार शरीराच्या टी-पेशींना जे वळण लावतात, त्यातल्या काही पेशी श्वासमार्गाच्या अस्तरातच ठाण मांडून राहतात. शुद्ध प्रथिनं आणि तुरटीसदृश अॅल्युमिनियम क्षार मिळून जे वळण लावतात, त्यातून प्रतिपिंडं भरपूर मिळतात, पण अस्तरावरचं हे ठाणं उभं राहत नाही.

जंतूही बदलला. 2010 नंतर अमेरिकेत सापडलेल्या बहुसंख्य जंतूंनी पर्टॅक्टिन बनवणंच सोडून दिलेलं दिसलं. लसीत असलेल्या मोजक्या घटकांपैकी एक टाकून देऊनही त्याचं चिकटण्यावाचून अडलं नाही, कारण एफएचए आणि तंतू होतेच. म्हणून हा फरक संरक्षण विरण्याच्या मुख्य कारणाएवढा मोठा नाही, पण मोजक्या घटकांची लस जंतूवर कुठला दबाव आणते हे त्यातून उघड दिसलं.

मग बूस्टर द्यायचे, पण कुणाला? अमेरिकेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांना टीडॅप नावाचा बूस्टर देतात. नव्या लसीवरच वाढलेल्या किशोरांत त्याचं संरक्षण पहिल्या वर्षी 69 टक्के होतं आणि चार वर्षांनंतर नऊ टक्क्यांच्याही खाली गेलं. एवढ्या लवकर ओसरणाऱ्या बूस्टरने अख्ख्या समाजातून जंतू हद्दपार होणार नाही, हे मान्य करायला हवं. माझ्या मते यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे: जे संरक्षण थोडाच काळ टिकतं, ते ज्या काळात जीव जातो त्या काळावर नेमकं लावायचं. तो काळ म्हणजे जन्मापासून पहिले दोन-तीन महिने.

इंग्लंडने तेच केलं. 2012 मध्ये तिथे चौदा बाळं दगावल्यावर ऑक्टोबरपासून गरोदर स्त्रियांना ही लस द्यायला सुरुवात झाली. आईची प्रतिपिंडं शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून बाळाकडे जातात, त्यामुळे बाळ जन्मतःच ती घेऊन येतं. तीन महिन्यांखालच्या बाळांत याने साधारण 90 टक्के आजार टळल्याचं दिसलं. पुढे गरोदरपणातल्या लसीकरणाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि 2024 च्या साथीत पुन्हा किमान दहा बाळं गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या आईला लस मिळालेली नव्हती.

महाराष्ट्रात चित्र थोडं वेगळं आहे. सरकारी केंद्रांतून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिली जाणारी पेंटाव्हॅलंट आणि नंतर दीड वर्षाला व पाच-सहा वर्षांना मिळणारा डीपीटी बूस्टर, या दोन्हींत अख्ख्या जंतूचीच लस असते. मांडी सुजते, रात्री ताप येतो, आशाताई पॅरासिटामॉल देऊन जातात. त्या तापाच्या बदल्यात अधिक टिकाऊ संरक्षण मिळतं आणि ही अदलाबदल बाळाच्या फायद्याची आहे. पण हेही संरक्षण शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत बरंच ओसरतं, आणि दहा व सोळा वर्षांना मिळणाऱ्या टीडी इंजेक्शनात डांग्या खोकल्याचा घटक नसतो. गरोदरपणात सरकारी केंद्रात मिळतं तेही टीडीच. म्हणजे पंचविशीतल्या आईकडे बाळाला द्यायला या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं फारशी उरलेली नसतात, आणि बाळाची पहिली पेंटा सहा आठवड्यांनंतर असते.

टीडॅप आपल्याकडे खाजगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मिळते आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची तशी शिफारसही आहे. कार्डावर 'टीडी' लिहिलेलं पाहून ती झाली असं समजू नये, दोन्ही नावं सारखी दिसली तरी डांग्या खोकल्याचा घटक फक्त टीडॅपमध्ये आहे. ती 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान घ्यायची, आणि त्यातही शक्यतो अलीकडच्या आठवड्यांत, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि नाळेतून पोचायला आणखी वेळ हवा. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आजी-आजोबांना तिकडचे डॉक्टर हीच लस प्रवासाआधी घ्यायला सांगतात. आजीची दोन-तीन आठवड्यांची बिनतापाची ढास घरात कुणाला आजार वाटत नाही, पण बाळाला लागण बहुधा घरातल्याच अशा कुणाकडून होते. दोन आठवड्यांहून लांबलेल्या खोकल्याला आपण क्षयाची तपासणी करतो ते बरोबरच आहे. ती निगेटिव्ह आली आणि घरात तान्हं बाळ असेल, तर डॉक्टरांना या दुसऱ्या शक्यतेबद्दल विचारायला हवं. आजार पक्का झाला तर खोकला सुरू झाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक औषध देता येतं.

पहिल्या बाळाच्या वेळी टीडॅप घेतलेली बाई दुसऱ्या खेपेला विचारते, 'परत कशाला?' टोचल्यानंतर साधारण महिन्याभरात आईच्या रक्तातली प्रतिपिंडं सर्वांत वर असतात आणि वर्षभरात बरीच खाली येतात. दोन बाळांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल, तर दुसऱ्या बाळासाठी तिच्याकडे पहिल्या वेळेइतका साठा उरलेला नसतो. म्हणून ती लस प्रत्येक गरोदरपणात पुन्हा घ्यायची असते.